काजू कटिंग यंत्राचा घसारा: वर्षाचा खरा नफा काढण्याची क्रमवार रीत

मार्चअखेर झाली की वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ या भागांतल्या लहान काजू कारखान्यांच्या वह्या माझ्याकडे येऊ लागतात, आणि त्यांत एकच चूक तीन रूपांत पुन्हा पुन्हा सापडते. कोणी नव्या कटिंग यंत्राची सगळी किंमत घेतलेल्या वर्षीच खर्चात टाकतो आणि त्या वर्षी मोठा तोटा, तर पुढच्या वर्षांत फुगलेला नफा पाहत बसतो. कोणी बँकेचा हप्ता हाच यंत्राचा खर्च समजतो. कोणी यंत्र एकदा घेऊन झाले म्हणून त्याचा खर्च कुठल्याच वर्षी धरत नाही, आणि आठ वर्षांनी यंत्र मोडीत निघाले की नव्यासाठी पैसे का उरले नाहीत ते त्याला कळत नाही.

यंत्राची किंमत त्याच्या वापराच्या वर्षांवर वाटणे यालाच घसारा म्हणतात. गणित चौथीच्या भागाकाराइतके सोपे आहे. चुका होतात त्या भागाकाराच्या आधी आणि नंतर. म्हणून पुढे एकच नमुना हिशेब धरून सर्व टप्पे क्रमाने दिले आहेत. वेंगुर्ल्याजवळ, समुद्रापासून फार लांब नसलेला एक एकमालकी कारखाना आहे. तो स्वतःची काजू बी फोडतो आणि हंगामात शेजारच्या बागायतदारांची बीही मजुरीवर फोडून देतो. त्याने स्वयंचलित कटिंग यंत्राचा संच घेतला आणि तो १ नोव्हेंबरपासून कामाला लागला, असे समजू. यातले रुपयांचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या बिलांप्रमाणे ते बदला, क्रम मात्र बदलू नका.

## १. यंत्र येण्याआधी: वही, कागद आणि एक तारीख

यंत्राच्या नावाने स्वतंत्र पान उघडा. त्यावर विक्रेत्याच्या बिलाचा क्रमांक, यंत्राच्या पट्टीवरचा अनुक्रमांक, आल्याची तारीख आणि प्रत्यक्ष कामाला लागल्याची तारीख लिहायला जागा ठेवा. या दोन तारखांमध्ये पुष्कळ अंतर पडू शकते, कारण यंत्र शेडमध्ये येऊन पडते आणि थ्री फेज जोडणी किंवा कंपनीचा तंत्रज्ञ यांची वाट पाहत राहते. घसारा बिलाच्या तारखेपासून सुरू होत नाही, कर्ज मंजूर झाल्याच्या तारखेपासूनही नाही. यंत्र कामाला सज्ज होऊन वापरात आले त्या दिवसापासून तो सुरू होतो. त्या दिवसाचा पुरावा म्हणून तंत्रज्ञाने सही केलेला उभारणीचा दाखला आणि पहिल्या दिवशी किती बी फोडली त्याची नोंद एकत्र लावून ठेवावी.

इशारा: क्रेनवाला, गवंडी, वायरमन यांना रोख देण्याची आपल्याकडे सवय आहे. यंत्र उभे करण्यासाठी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली, तर ती रक्कम आयकरासाठी यंत्राच्या किमतीत धरता येत नाही, म्हणजे तिच्यावर घसाराही मिळत नाही. धनादेशाने किंवा बँकेतून पैसे द्या आणि कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नका.

## २. मूळ खर्च ठरवा: बिलाची रक्कम म्हणजे यंत्राची किंमत नव्हे

यंत्र कामाला लागेपर्यंत, त्याला कामाला लावण्यासाठी जे जे खर्च करावे लागले ते सगळे त्याच्या मूळ खर्चात येतात. नमुन्याच्या कारखान्याचा हिशेब असा आहे:

- यंत्राची किंमत, जीएसटी वगळून: ९,००,०००
- घाटातून आणण्याचे भाडे आणि वाटेतला विमा: ३८,०००
- क्रेन आणि उतराई: १२,०००
- काँक्रीटचा पाया: ३०,०००
- थ्री फेजची केबल आणि पॅनेल: ३५,०००
- उभारणीची मजुरी आणि तंत्रज्ञाचा मुक्काम: १५,०००
- यंत्र सुरू होईपर्यंतचे कर्जाचे व्याज: ६,०००
- चाचणीत तुटलेल्या गराचे नुकसान: ४,०००

एकूण मूळ खर्च १०,४०,००० रुपये झाला. बिलावरची रक्कमच धरली असती, तर १,४०,००० रुपये ‘किरकोळ’, ‘वाहतूक’, ‘दुरुस्ती’ अशा खात्यांत विखुरले असते आणि त्या एका वर्षाचा नफा तेवढ्याने कमी दिसला असता.

यातल्या दोन ओळी समजून घ्याव्यात. चाचणीचे नुकसान म्हणजे चाचणीसाठी घातलेली सगळी बी नव्हे. अखंड गराऐवजी तुकडा निघाला, आणि तो तुकडा विकून जे आले ते वजा करून जो फरक राहिला तेवढेच नुकसान धरायचे. शिवाय चाचणी संपून यंत्र रीतसर सुरू झाल्यावर, कामगारांचा हात बसेपर्यंत जो जास्त तुकडा निघतो, तो त्या वर्षाचा साधा खर्च आहे. तो यंत्राच्या किमतीत ढकलू नये.

दुसरी ओळ जीएसटीची. कारखाना नोंदणीकृत असेल आणि यंत्रावर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या करातून वळता करून घेणार असेल, तर तो कर यंत्राच्या किमतीत येत नाही. एकाच रकमेवर वळता करही घ्यायचा आणि घसाराही काढायचा, हे कायद्याला चालत नाही. नोंदणी नसलेल्या कारखान्याला मात्र तो कर परत मिळत नाही, म्हणून त्याने तो किमतीत धरलाच पाहिजे.

तपासणी: यंत्राच्या पानावरची बेरीज आणि तुम्ही ताळेबंदात घेणार असलेली रक्कम एकच आहे का? यंत्राला जोडलेला एखादा खर्च ‘वाहतूक’ किंवा ‘इमारत दुरुस्ती’ खात्यात राहून तर गेला नाही ना? शेडची जमीन यात आली असेल तर ती बाहेर काढा, कारण जमिनीवर घसारा नसतो. शेडचे पान वेगळे ठेवा, कारण शेडचे आयुष्य यंत्राहून फार मोठे असते.

## ३. आयुष्य ठरवा: किनाऱ्यावरचे यंत्र कोल्हापुरातल्या यंत्राइतके टिकत नाही

सगळ्यांत जास्त विचार इथे करायचा असतो, आणि बहुतेक जण सगळ्यांत कमी विचार इथेच करतात. कोणीतरी सांगितले म्हणून दहा वर्षे धरली जातात. कंपन्यांसाठी कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ मध्ये सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे आयुष्य १५ वर्षे दिलेले आहे आणि दोन किंवा तीन पाळ्यांत चालणाऱ्या यंत्रासाठी त्या काळाचा घसारा वाढवण्याची तरतूद आहे. पण तो आकडा देशभरातल्या सगळ्या तऱ्हेच्या यंत्रांसाठी आहे. एकमालकी किंवा भागीदारीतल्या कारखान्याने आपल्या खऱ्या नफ्यासाठी आपल्या यंत्राचा स्वतःचा अंदाज करावा.

काजूच्या यंत्रावर इथे दोन बाजूंनी मारा होतो. आतून टरफलाचे तेल. ते आम्लधर्मी आणि दाहक असते. कामगारांच्या बोटांची साल काढणारे हेच तेल पाती, साखळ्या आणि बेअरिंग यांवर बसते, धूळ धरते आणि काळे, चिकट लुकण बनते. बाहेरून खारी, दमट हवा. पावसाळ्यानंतर पॅनेलचे दार उघडून पाहा: तांब्याच्या जोडांवर हिरवट थर आलेला असेल, स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस पूड असेल, आणि दाराभोवतीचे रबर कडक होऊन एका कोपऱ्यात सुटलेले असेल. पावसाळ्यात यंत्र एक दिवसही चालले नसले तरी हे सगळे होते. म्हणूनच कोकणात ‘यंत्र बंद होते, मग झिजले कसे’ हा युक्तिवाद अर्ध्याहून कमी खरा आहे.

अंदाज करताना तीन प्रश्न या क्रमाने विचारा. पहिला, याच प्रकारचे यंत्र याच किनारपट्टीवर ज्यांनी वापरले आहे, त्यांचे किती वर्षांनी महिन्यातून दोनदा थांबू लागले? विक्रेत्याचे उत्तर इथे घेऊ नका. कारखानदाराचे घ्या, आणि त्याची दुरुस्तीची बिले पाहायला मिळाली तर उत्तमच. दुसरा, किती वर्षे सुटे भाग मिळतील? तिसरा, यंत्र चालू असले तरी अखंड गराचे प्रमाण किती वर्षांनी इतके घसरेल की नवे यंत्र घेणे परवडेल? या तिघांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे यंत्राचे उपयुक्त आयुष्य. नमुन्याच्या कारखान्यात सांगाडा बारा वर्षे टिकेल असे वाटते, सुटे भाग दहा वर्षे मिळतील, पण आठ वर्षांनंतर तुकड्याचे प्रमाण परवडणार नाही, म्हणून आठ वर्षे धरली आहेत.

कटिंगची पाती या आयुष्यात मोजू नयेत. ती हंगामात बदलावीच लागतात, म्हणून ती त्या त्या वर्षाचा खर्च. उलट, एखादा महागडा भाग बाकी यंत्रापेक्षा फार लवकर जाणार हे आधीच माहीत असेल, जसे मोठ्या किमतीचे इलेक्ट्रॉनिक पॅनेल, तर त्याची किंमत वेगळी काढून त्याला वेगळे, लहान आयुष्य द्यावे.

इशारा: कर्जाची मुदत म्हणजे यंत्राचे आयुष्य नव्हे. कर्ज पाच वर्षांचे असले म्हणून यंत्र पाच वर्षांत संपत नाही, आणि हमी दोन वर्षांची असली म्हणून ते दोन वर्षांत संपत नाही.

## ४. मोडकिंमत ठरवा

आयुष्य संपल्यावर यंत्र विकून, ते काढण्याचा आणि नेण्याचा खर्च वजा जाता, जे हातात उरेल ती मोडकिंमत. ती कमीच धरावी. आज सेकंडहँड यंत्र कितीला जाते हे विचारून तो आकडा घेऊ नका, कारण ती दोन-तीन वर्षे वापरलेल्या यंत्राची किंमत असते. आठ वर्षे किनाऱ्यावर राहिलेल्या यंत्राचा स्टेनलेस स्टीलचा भाग आणि मोटरी यांचेच काय ते पैसे होतात. नमुन्यात ८०,००० रुपये धरले आहेत.

## ५. वर्षाचा घसारा काढा

मूळ खर्चातून मोडकिंमत वजा केली की ९,६०,००० रुपये उरतात. ते आठ वर्षांवर समान वाटले की दर वर्षाचा घसारा १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,००० रुपये. संगणकावरच्या तक्त्यात हेच उत्तर या सूत्राने येते:

```
=SLN(1040000,80000,8)
```

समान हप्त्यांचीच पद्धत का, हे सांगायला हवे. दुसरी पद्धत दर वर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के लावते, त्यामुळे सुरुवातीला घसारा जास्त आणि पुढे कमी होत जातो. आयकरात तीच वापरली जाते. पण ज्याला आपल्या कारखान्याचा दर वर्षीचा नफा एकमेकांशी ताडून पाहायचा आहे, त्याच्यासाठी, विशेषतः जिथे निम्मी झीज हवेमुळे म्हणजे काळामुळे होते तिथे, समान वाटणी मला जास्त प्रामाणिक वाटते.

तपासणी: घसारा × वर्षे + मोडकिंमत = मूळ खर्च. १,२०,००० × ८ + ८०,००० = १०,४०,०००. हे जुळले नाही तर पुढे जाऊ नका.

## ६. पहिले वर्ष अपुरे असते

यंत्र १ नोव्हेंबरला सुरू झाले, म्हणून ३१ मार्चपर्यंत पाचच महिने भरले. पहिल्या आर्थिक वर्षाचा घसारा ५०,००० रुपये. त्यानंतरची सात वर्षे पूर्ण, आणि नवव्या आर्थिक वर्षात उरलेले सात महिने, म्हणजे ७०,००० रुपये. वर्षअखेरची पुस्तकी किंमत अशी उतरत जाते:

- पहिल्या वर्षअखेर: ९,९०,०००
- दुसऱ्या वर्षअखेर: ८,७०,०००
- चौथ्या वर्षअखेर: ६,३०,०००
- आठव्या वर्षअखेर: १,५०,०००
- नवव्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर: ८०,०००

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच वर्षी पूर्ण १,२०,००० लावणे. त्याने वर्षे बरोबर आठच होतात, पण ज्या वर्षी यंत्राने पाचच महिने काम केले, त्या वर्षावर बारा महिन्यांचा भार पडतो. पहिल्या वर्षी नफा कमी दिसला की लोक यंत्रालाच दोष देतात.

## ७. नोंद करा आणि नफा काढा

वर्षअखेर एकच नोंद करायची: घसारा खाते नावे, यंत्र खाते जमा, रक्कम १,२०,०००. घसारा नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला जातो आणि ताळेबंदातली यंत्राची किंमत तेवढ्याने उतरते.

आता हप्त्याचा गोंधळ पाहू. नमुन्याच्या कारखान्याच्या दुसऱ्या आर्थिक वर्षात, म्हणजे पहिल्या पूर्ण वर्षात, बी, मजुरी, वीज, जळण, पॅकिंग, दुरुस्ती आणि मालकाच्या घरच्या माणसांच्या कामाची रास्त मजुरी वजा जाता ३,४०,००० रुपये उरले. बँकेला वर्षभरात हप्त्यांचे १,८२,००० रुपये गेले. बँकेच्या उताऱ्याप्रमाणे त्यांतले व्याज ७१,००० आणि मुद्दल १,११,०००.

यंत्राचा खर्च धरलाच नाही आणि फक्त व्याज वजा केले, तर नफा २,६९,००० दिसतो. हप्ता हाच खर्च मानला, तर १,५८,००० दिसतो. खरी रीत अशी की व्याज वजा करायचे, मुद्दल वजा करायचे नाही, आणि घसारा वजा करायचा: ३,४०,००० − ७१,००० − १,२०,००० = १,४९,०००.

हप्त्याची रीत आणि खरी रीत यांत या वर्षी फक्त ९,००० रुपयांचा फरक आहे, आणि म्हणूनच ती चूक वर्षानुवर्षे टिकते. हप्ता आणि घसारा जवळपास सारखे निघाले की कारखानदाराला वाटते, आपली रीत बरोबरच होती. फरक दिसतो तो कर्ज फिटल्यावर. पुढेही वरकड ३,४०,००० रुपयेच राहिले असे धरले, तर हप्त्याच्या रीतीने नफा एकदम १,५८,००० वरून ३,४०,००० वर उडी घेतो, जरी बी, दर, कामगार यांत काहीही बदललेले नसते. खरा नफा त्या वर्षी २,२०,००० असतो, कारण व्याज संपले तरी यंत्र झिजतच आहे. कर्ज फिटल्याच्या आनंदात बी चढ्या भावाने उचलणारे आणि मजुरीवर बी फोडून देण्याचे दर उतरवणारे कारखानदार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या वहीतला हा फुगवटा मला दर वेळी अस्वस्थ करतो, कारण तो पैसा नव्या यंत्राचा असतो.

मुद्दल खर्च का नाही, याचे उत्तर एका वाक्यात बसते: यंत्र कोणाच्या पैशाने घेतले यावर त्याची झीज अवलंबून नसते. मुद्दल फेडणे म्हणजे देणे कमी करणे. ते ताळेबंदात कर्जाच्या खात्याला जाते. हप्ताही खर्चात घेतला आणि घसाराही घेतला, तर यंत्राची किंमत दोनदा वजा होते, आणि हीही चूक वह्यांत सापडते.

तपासणी: नफा-तोटा पत्रकात ‘बँक हप्ता’ नावाची ओळ दिसली की थांबा. तिथे ‘कर्जावरील व्याज’ एवढीच ओळ असायला हवी आणि तिची रक्कम बँकेच्या व्याजाच्या दाखल्याशी जुळली पाहिजे.

इशारा: घसारा हा रोख खर्च नाही, म्हणून १,२०,००० रुपये कुठेतरी बाजूला पडले आहेत असे समजू नका. आपल्या नमुन्यात त्यांतले १,११,००० मुद्दलापोटी बँकेत गेले. हातात राहिले फक्त ९,०००. कर्ज फिटल्यानंतर मात्र दर महिन्याला घसाऱ्याएवढी रक्कम वेगळ्या ठेवीत टाकता येते आणि टाकावी.

## ८. किलोमागे किती पडतो ते पाहा

मजुरीवर बी फोडून देणाऱ्यांनी हा टप्पा वगळू नये. नमुन्याचे यंत्र वर्षाला ६० टन बी फोडेल असा अंदाज आहे. १,२०,००० भागिले ६०,००० किलो, म्हणजे किलो बीमागे २ रुपये घसारा. साधारण चार किलो बीतून एक किलो गर धरला, तर गराच्या किलोमागे ८ रुपये. मजुरीचा दर ठरवताना वीज, कामगार आणि पाती मोजून शेजारच्या कारखान्यापेक्षा एक रुपया कमी सांगितला जातो, पण त्यात हे २ रुपये बहुतेक वेळा नसतात.

बी कमी आली तर हा आकडा बदलतो. अवकाळी पावसाने मोहोर गेला आणि ३० टनच बी फोडली, तर घसारा १,२०,००० च राहतो आणि किलोमागे ४ रुपये पडतात. काही जण अशा वर्षी किलोमागे २ रुपयेच धरून ६०,००० एवढाच घसारा लावतात. जे यंत्र फक्त वापराने झिजते, तिथे ही रीत योग्य आहे. खाऱ्या हवेतल्या यंत्राला ती लावली तर वाईट वर्षाचा तोटा लपतो आणि अशा वर्षांत न धरलेली किंमत आठ वर्षांनी वहीतच अडकून राहते. वहीत वर्षाप्रमाणे घसारा धरावा, दर ठरवताना नेहमीच्या ६० टनांप्रमाणे २ रुपये धरावेत, आणि वाईट वर्षी वरचे २ रुपये बंद राहिलेल्या यंत्राचा भार म्हणून मान्य करावेत.

अनुदान मिळाले असेल तर इथे एक निर्णय करावा लागतो. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेसारख्या कर्जाशी जोडलेल्या योजनेतून यंत्रापोटी, समजा, २,४०,००० रुपये मिळाले, तर वहीत ते मूळ खर्चातून वजा होतात आणि घसारा (१०,४०,००० − २,४०,००० − ८०,०००) ÷ ८ = ९०,००० होतो. नफा-तोट्यासाठी तेच बरोबर आहे. दर ठरवताना मात्र मी १,२०,००० चाच आधार घ्यायला सांगतो, कारण पुढच्या यंत्राला अनुदान मिळेलच असे नाही आणि एकदा उतरवलेला दर गिऱ्हाईक पुन्हा चढू देत नाही.

## ९. आयकराचा घसारा वेगळ्या पानावर

आयकरासाठी सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा दर उरलेल्या किमतीवर १५ टक्के आहे, आणि त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च १५१ दिवस होतात, म्हणून पहिल्या वर्षी ७.५ टक्के, म्हणजे ७८,००० रुपये. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ९,६२,००० वर १५ टक्के, म्हणजे १,४४,३०० रुपये. इथे मोडकिंमत आणि तुमचा आयुष्याचा अंदाज यांना स्थान नाही. यंत्र साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत कामाला लागले असते तर पहिल्याच वर्षी पूर्ण दर मिळाला असता. पावसाळा संपता संपता यंत्र मागवणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

हे आकडे आपल्या ५०,००० आणि १,२०,००० शी जुळत नाहीत आणि जुळवायचेही नाहीत. कर भरण्यासाठी आयकराचे पान, कारखाना कसा चालला हे पाहण्यासाठी आपले पान. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर अनुमानित उत्पन्न दाखवणाऱ्यांना घसारा वेगळा मागता येत नाही. तो दिला गेला असेच धरून यंत्राची कराच्या हिशेबातली किंमत दर वर्षी उतरत राहते. त्यांनीही आपले पान ठेवावे, कारण अनुमानित नफा हा कराचा आकडा आहे, कारखान्याचा नव्हे.

## १०. मधल्या काळातले बदल आणि शेवटची नोंद

दुरुस्ती यंत्राला पूर्वीच्या स्थितीत आणते; ती त्या वर्षाचा खर्च. पट्टा, बेअरिंग, मोटरचे रिवाइंडिंग यांत येते. नवा भाग बसवून यंत्राची क्षमता किंवा आयुष्य वाढले, तर ती भर मूळ खर्चात जाते आणि उरलेल्या वर्षांवर वाटली जाते. बिलाची रक्कम मोठी आहे एवढ्यावरून निर्णय करू नये.

दर मार्चला यंत्रासमोर उभे राहून एकदा विचारा की उरलेला अंदाज अजून खरा वाटतो का. समजा चौथ्या वर्षअखेर, पुस्तकी किंमत ६,३०,००० असताना, सांगाड्याच्या जोडांत खोल गंज दिसला आणि यंत्र आणखी तीनच वर्षे चालेल, मोडीत ६०,००० येतील असे ठरले. मग पुढचा घसारा (६,३०,००० − ६०,०००) ÷ ३ = १,९०,००० रुपये. मागची वर्षे उकरून दुरुस्त करायची नाहीत. त्या वेळी जे माहीत होते त्याप्रमाणे ती बरोबर होती. पण हा बदल केल्याची तारीख आणि कारण यंत्राच्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी घसारा अचानक का वाढला हे तुम्हालाच आठवणार नाही.

यंत्र विकले किंवा मोडीत काढले की विक्रीच्या दिवसापर्यंतचा घसारा आधी लावा, आणि मगच विक्रीची रक्कम पुस्तकी किमतीशी ताडा. पुस्तकी किंमत १,५०,००० असताना हातात १,१०,००० आले, तर ४०,००० चा तोटा त्या वर्षाच्या पत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. तो काजूच्या धंद्यातला तोटा नाही, मागच्या वर्षांत कमी धरलेला घसारा आहे. त्यानंतर यंत्र खात्यात त्या यंत्रापुरते शून्य उरले पाहिजे. तिथे रक्कम शिल्लक दिसत असेल, तर शेडमध्ये नसलेले यंत्र ताळेबंदात अजून उभे आहे.